घरात सगळे रोज दोनदा, मी तीन दिवसांतून एकदा. पोट नक्की कोणाचं बिघडलंय?

शाहूपुरीची_सून

विषय थोडा अवघड आहे, पण इथे मोकळेपणाने बोलता येतं म्हणून विचारते.

मी चौतीस वर्षांची आहे. कळायला लागल्यापासून मला दोन-तीन दिवसांतून एकदाच संडासला होते. कुंथावं लागत नाही, खडा नसतो, पोट फुगत नाही, जेवण व्यवस्थित जातं. माहेरी आईचंही असंच आहे, त्यामुळे कधी कोणी काही बोललं नाही. सासरी मात्र सकाळचा चहा व्हायच्या आत सगळ्यांचं एकदा, आणि नाश्त्यानंतर काही जणांचं दुसऱ्यांदा. सासूबाईंच्या लक्षात आलं तेव्हापासून रोज रात्री गरम पाण्याबरोबर चूर्ण माझ्या हातात येतं. त्या प्रेमानेच देतात, त्यांना खरंच काळजी वाटते. पण घेतलं की दुसऱ्या दिवशी मुरडा येऊन पाण्यासारखं होतं, आणि पुढचे तीन-चार दिवस काहीच होत नाही. मग त्या म्हणतात, "बघ, तुझा कोठाच जड आहे," आणि पुन्हा चूर्ण.

आम्ही एकाच भांड्यातली भाकरी-आमटी खातो. मग माणसामाणसांत एवढा फरक का? आणि बदल झाला तर तो काळजीचा कधी समजायचा? अनुभव सांगा.

पंचगंगाकाठ

ताई, आमच्या घरात उलटा प्रकार हाय. संडास एक, माणसं नऊ, आन् सकाळी सहाला सगळ्यांना एकदमच लागतंय. तुमच्यासारखं तीन दिवसांतून एकदा जाणारं कोण असंल तर आमच्याकडं धाडून द्या, रांग तरी कमी हुईल.

इंद्रायणी६२

रोज पोट साफ व्हायलाच हवं, हे माझं स्पष्ट मत आहे. तीन दिवस मळ आत राहिला की त्यातलं विष रक्तात जातं. त्यातूनच डोकेदुखी, मुरूम, आळस येतो. आमच्या पिढीत रात्री दोन चमचे एरंडेल आणि सकाळी कोमट पाणी ठरलेलं होतं. सकाळी उठून ठराविक वेळी बसायची सवय लावा, पालेभाजी आणि ज्वारीची भाकरी वाढवा. सासूबाई बरोबर सांगताहेत.

औषधवाले_काका

सून ताई, चूर्णाबद्दल आधी बोलतो, कारण तुमचं चक्र तिथेच अडकलंय.

बाजारातल्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती मोठ्या आतड्याला आकुंचन पावायला लावते आणि नुसता शेवटचा भागच नाही, तर वरचाही बराच माल खाली येतो. म्हणजे दोन-तीन दिवसांचा साठा एका सकाळी रिकामा होतो. आता आतड्यात काही उरलेलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी बाहेर काय येणार? पुन्हा भरायला तुमच्या गतीने तीन-चार दिवस लागणारच. हे रिकामं आतडं आहे, बद्धकोष्ठ नाही. पण माणसाला वाटतं औषधाशिवाय होतच नाही, आणि तो पुन्हा पुडी उघडतो. माझ्या दुकानात रोज येणाऱ्या चूर्णाच्या गिऱ्हाइकांत असे कितीतरी आहेत, ज्यांना मुळात काही झालेलंच नव्हतं.

इंद्रायणीताई, सकाळची ठरलेली वेळ आणि भाजी-भाकरी याबाबत शंभर टक्के सहमत. एरंडेल रोज मात्र नको.

तालीमवाला

आमच्याकडं तालमीत रोज तीनदा जाणारी पोरं आहेत आणि एकदम तगडी. मी स्वतः सकाळी दोनदा, संध्याकाळी एकदा. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिलं की अर्ध्या तासात पुन्हा जावं लागतं. मला वाटायचं दूध अंगी लागत नाही. हे ठीक आहे का बिघाड?

रंकाळा_सर्जन

मी पोटाच्या शस्त्रक्रिया करत होतो, आता निवृत्त आहे. धागा वाचून राहवलं नाही.

मूळ प्रश्न घेतो. खाल्लेलं अन्न जठर आणि लहान आतड्यातून पुढे जायला साधारण सगळ्यांनाच काही तास लागतात. खरा फरक मोठ्या आतड्यात पडतो. तिथे रोज दीड लिटरच्या आसपास पातळ द्रव येतो आणि त्यातलं बहुतेक सगळं पाणी शोषलं जातं. हे काम कोणाचं आतडं एका दिवसात उरकतं, तर कोणाचं अडीच-तीन दिवस घेतं. दोघंही निरोगी. सरासरीने बायकांची गती पुरुषांपेक्षा मंद असते. पाळीच्या आधीचे काही दिवस ती आणखी मंदावते आणि पाळी सुरू झाली की अनेकींना पातळ होते. आतड्यातले जीवाणू प्रत्येकाचे वेगळे. मळाचा मोठा हिस्सा हे जीवाणूच असतात, त्यामुळे तेच अन्न खाऊन एकाचा मळ जास्त बनतो, एकाचा कमी.

दुसरी गोष्ट म्हणजे लागण्याची जाणीव. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर मोठ्या आतड्यात एक जोरकस लाट येते. ती आली की मळ गुदाशयात उतरतो आणि लागतं. त्या वेळी गेलं नाही तर थोड्या मिनिटांत ती जाणीव विरते, आणि मळ तिथेच थांबून कोरडा होत राहतो. ज्यांना सकाळी निवांत संडास मिळतो त्यांची लाट कामी येते. ज्यांना डबे करून बस पकडायची असते त्यांची वाया जाते.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात सामान्य लोकांची पाहणी झाली होती, ती १९९२ साली प्रसिद्ध झाली. रोज ठरलेलं एकदाच जाणारे पुरुष त्यात जेमतेम ४० टक्के निघाले आणि बायका ३३ टक्के. म्हणजे ज्याला आपण नियम समजतो तो पाळणारे तिथे निम्मेही नव्हते. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा ही मर्यादा डॉक्टर साधारण धरतात.

तालीमवाले, दुधाचं तसं असेल तर त्यातली साखर तुम्हाला पचत नसावी. आपल्याकडे मोठेपणी हे खूप जणांना होतं. दही किंवा ताक घेऊन बघा, ते बहुतेकांना सोसतं. तीनदा जाणं वर्षानुवर्षं तसंच असेल तर बिघाड नाही.

इंद्रायणी६२

डॉक्टर, ही पाहणी इंग्रजांची. ते पाव खातात. आपल्या लोकांना तेच माप लावायचं का?

रंकाळा_सर्जन

तुमचा आक्षेप रास्त आहे. भारतातल्या पाहण्यांत बहुसंख्य लोक दिवसातून एक-दोनदा जाणारे आढळतात आणि आपल्या मळाचं वजनही पाश्चात्त्यांपेक्षा बरंच जास्त भरतं, कारण आपण चोथा जास्त खातो. त्यामुळे आठवड्यातून तीन ही खालची मर्यादा आपल्यासाठी फार सैल आहे, असं म्हणणारे डॉक्टर आहेत. माझ्याकडेही रोज जाणारे रुग्ण "पोट साफ होत नाही" म्हणून यायचे आणि विचारलं की कळायचं, कुंथून दमतात. म्हणून मी आकड्याआधी मळ कसा आहे ते विचारायचो. ब्रिस्टलचाच एक तक्ता आहे, १९९७ सालचा. एका टोकाला सुटे कडक खडे, दुसऱ्या टोकाला नुसतं पाणी, असे सात प्रकार. मधला, गुळगुळीत आणि सहज उतरणारा प्रकार असेल तर तीन दिवसांनी झालं तरी आतड्याची तक्रार नाही. रोज होऊनही खडेच असतील तर ती बद्धकोष्ठताच.

विषाबद्दल मात्र असहमत. मळ थांबला म्हणून रक्तात विष जात नाही. डोकं जड होतं, भूक मंदावते, हे खरं आहे. पण ते गुदाशय ताणला गेल्यामुळे होतं, पोट मोकळं झालं की लगेच बरं वाटतं. विष असतं तर इतक्या पटकन उतरलं नसतं.

नवी_आई_इचलकरंजी

माझं बाळ तीन महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. पाच दिवस झाले शी नाही. सासरचे साबणाची वडी लावायला सांगताहेत. प्लीज सांगा.

औषधवाले_काका

ताई, इथे चर्चा मोठ्यांची चाललीय, पण तुमचं आधी. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला दीड महिन्यानंतर कधी कधी आठवडाभरही होत नाही. बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, पोट मऊ आहे, झाली तेव्हा पातळ-मऊ झाली, तर थांबा. साबण लावू नका, आतली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते. पोट टणक झालं, हिरवी उलटी झाली किंवा बाळ पिईना, तर आजच बालरोगतज्ज्ञ.

गडहिंग्लजकर

इथपर्यंत वाचून कोणी असं समजू नये की तीनदा ते आठवड्यातून तीनदा यात बसलं म्हणजे सुटलो. आमच्या बाबांचं सांगतो.

बाबा एकसष्ट वर्षांचे. शेती स्वतः बघतात. आयुष्यभर पहाटे एकदा आणि न्याहारीनंतर एकदा, घड्याळ लावावं असं. गेल्या पावसाळ्यात ते एकदाच व्हायला लागलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा आई म्हणाली, आता वय झालं, एकदा होतंय तेच बरं. मग एखादा दिवस सुटायला लागला. दिवाळीच्या सुमारास निराळंच सुरू झालं. दिवसातून चार-पाचदा लागायचं, जाऊन बसायचे, थोडंसं आणि सोबत शेंबडासारखं चिकट, आणि उठताना वाटायचं अजून आत आहेच. मधूनच लाल रक्त. त्यांना मूळव्याध जुनी, म्हणून गावातल्या डॉक्टरांनी मलम दिलं. रक्त थोडं कमी झालं, म्हणून आम्हीही निर्धास्त.

नंतर बाबा चढ चढताना दमायला लागले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याने मळ काळा आणि घट्ट झाला, आणि सगळं खापर गोळ्यांवर फुटलं. शेवटी कोल्हापुरात एका फिजिशियनना दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वर्षभरापूर्वी तुमचं रोजचं कसं होतं?" बाबांनी सांगितल्यावर त्यांनी बोट घालून तपासलं, वजन विचारलं, आणि दुर्बिणीची तपासणी लिहून दिली. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, खालच्या वळणावर गाठ होती. कर्करोग. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता तपासण्या चालू आहेत आणि बाबा पुन्हा शेतावर जातात.

ज्या महिन्यांत त्यांचं एकदाच होत होतं, त्या महिन्यांत ते कुठल्याही पुस्तकाप्रमाणे नॉर्मल होते. पण बाबांसाठी ते नॉर्मल नव्हतं.

पंचगंगाकाठ

वाचून पोटात गोळा आला भावा. वडील सुखरूप हायत हे बरं झालं. माझ्या आबांनाबी मूळव्याध हाय म्हणून आमी रक्ताकडं बघतच न्हाई. आता बघतो.

रंकाळा_सर्जन

गडहिंग्लजकर, तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याचा उपयोग होईल. यात काय घडत होतं ते सांगतो.

मोठ्या आतड्याची डावी बाजू अरुंद असते आणि तिथपर्यंत मळ घट्ट झालेला असतो. गाठ वाढली की वाट अडते, म्हणून आधी खेपा कमी होतात. पुढे गाठीच्या मागे पाणी आणि चिकट स्राव साचून थोडं थोडं निसटतं, म्हणून वारंवार लागतं आणि समाधान होत नाही. कधी बद्धकोष्ठ, कधी पातळ, असं आलटूनपालटून नव्याने सुरू होणं या वयात दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.

उजव्या बाजूचं आतडं ऐसपैस आणि आतला माल पातळ. तिथली गाठ मोठी होईपर्यंत सकाळची सवय बहुधा बदलत नाही. फक्त आतल्या आत रक्त झिरपतं आणि माणूस दमतो. त्यामुळे पन्नाशीपुढच्या पुरुषाचं लोह कमी निघालं, किंवा पाळी गेलेल्या बाईचं, तर नुसत्या गोळ्या देऊन थांबू नये. रक्त कुठे जातंय ते शोधावं.

मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोग होत नाही, असा काही नियम नाही. मूळव्याधीचं रक्त बहुधा मळावरून, शेवटी, थेंब थेंब आणि लालभडक येतं. मळात मिसळलेलं, गडद किंवा चिकट स्रावाबरोबर येणारं असेल तर वेगळा विचार करावा. पण नुसत्या रंगावरून घरी निदान करू नये, मीही तपासल्याशिवाय केलं नसतं.

शिक्षिका_राजारामपुरी

माझा भाऊ बत्तिसाव्या वर्षापासून आयबीएसचा रुग्ण आहे. परीक्षा, इंटरव्ह्यू, लग्न, काहीही असलं की दिवसातून सहा खेपा. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. तरी इथलं वाचून पुन्हा भीती वाटायला लागली. प्रत्येक बदलाला कॅन्सर समजायचं का?

औषधवाले_काका

नाही ताई. बहुतेक बदलांमागे साधं कारण सापडतं, फक्त शोधावं लागतं. मी गिऱ्हाइकाला विचारतो, गेल्या दोन महिन्यांत नवीन गोळी कोणती सुरू झाली? लोह आणि कॅल्शियमने घट्ट होतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी, अ‍ॅम्लोडिपिनने सुद्धा, काहींना होतं. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाने होतं. उलट मधुमेहाची मेटफॉर्मिन सुरू केल्यावर पहिले काही आठवडे पातळ होतं, अँटिबायोटिकच्या कोर्समध्येही. गाव बदललं, रात्रपाळी लागली, उपवास धरले, तरी बदल होतो आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप जागेवर येतो.

कारण सापडत नाही आणि तीन-चार आठवडे झाले तरी जागेवर येत नाही, तेव्हा मी औषध देत नाही, डॉक्टरकडे पाठवतो. रक्त, वजन उतरणं किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल तर एवढंही थांबू नये.

रंकाळा_सर्जन

शिक्षिका ताईंना एकच सांगतो. तुमचा भाऊ गाढ झोपेतून उठून संडासला पळतो का? आयबीएसमध्ये माणूस जागा झाल्यावर त्रास सुरू होतो, झोप सहसा मोडत नाही. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप किंवा उतरतं वजन असेल तर आतड्याला सूज आहे का, थायरॉइड जास्त काम करतंय का, हे पुन्हा बघावं लागतं. तसं नसेल आणि वर्षानुवर्षं तेच असेल, तर आयबीएस हीच त्याची सवय झाली आहे.

शिक्षिका_राजारामपुरी

झोपेत कधीच नाही. थोडं हायसं वाटलं.

इंद्रायणी६२

गाठीबद्दल वाचून मनाला लागलं. तरी माझं म्हणणं कायम आहे, तरुण वयात रोजची सवय लावली तर म्हातारपणी त्रास कमी होतो. एरंडेल जाऊ द्या, रोज इसबगोल घेतलं तर काय बिघडतं?

औषधवाले_काका

इसबगोल आणि सोनामुखी एका रांगेत बसवू नका. इसबगोल हा नुसता चोथा, तो पाणी धरून ठेवतो. भरपूर पाण्याबरोबर घेतला तर चालतो. कमी पाण्यात घेतला तर उलट आतच घट्ट बसतो. पण ज्यांना काही त्रासच नाही त्यांनी का घ्यावा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

इंद्रायणी६२

त्रास व्हायची वाट कशाला बघायची, असं माझं मत. असो.

शाहूपुरीची_सून

सगळ्यांचे आभार. मी चूर्ण बंद केलं आणि मध्ये काही घेतलं नाही. पहिल्या वेळेला चार दिवस लागले, तेव्हा घरात सगळ्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. त्यानंतर पुन्हा माझं दोन-तीन दिवसांचं सुरू झालं, मुरडा नाही. गंमत म्हणून मक्याचं कणीस खाऊन किती वेळाने दाणे दिसतात तेही पाहिलं. माझे तिसऱ्या दिवशी, नवऱ्याचे दुसऱ्याच सकाळी. एकाच पातेल्यातली कणसं होती.

पण खरं लिहायचं ते वेगळंच. काल हा धागा सासूबाईंना वाचून दाखवत होते. गडहिंग्लजकरांच्या बाबांचं ऐकून त्या म्हणाल्या, "मला आता एका चमच्यावर होत नाही, दोन घेते. तरी कधी कधी दोन दिवस जातात." आधी कधी बोलल्या नव्हत्या. त्या त्रेसष्ट वर्षांच्या. हे दसऱ्यानंतर सुरू झालं म्हणतात. त्याच सुमारास गुडघ्यासाठी कॅल्शियम सुरू झालंय आणि बीपीची गोळी बदललीय. रक्त दिसलं नाही म्हणतात, पण नीट पाहिलंय असं वाटत नाही. थकवा आहे, थंडी जास्त वाजते, तो हिवाळा म्हणून सोडून दिला. आता काय करू?

औषधवाले_काका

कॅल्शियम आणि बदललेली गोळी, दोन कारणं तर समोरच आहेत. मनाने बंद मात्र करू नका, विशेषतः बीपीची. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा.

गडहिंग्लजकर

वहिनी, कारण सापडलं म्हणून तिथेच थांबू नका. आम्हालाही प्रत्येक पायरीला एकेक कारण सापडत गेलं होतं.

रंकाळा_सर्जन

दोघांचंही बरोबर आहे. कदाचित गोळ्यांमुळेच असेल, कदाचित थंडी वाजणं, थकवा आणि बद्धकोष्ठता हे तिन्ही मिळून थायरॉइड मंद झाल्याचं लक्षण असेल. ते एका रक्ततपासणीत कळतं. त्यासोबत हिमोग्लोबिन आणि लोह बघा. या आठवड्यात फिजिशियनकडे न्या. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, चूर्णाची डबी सुद्धा, पिशवीत घालून न्या. आणि दसऱ्याआधी त्यांचं रोजचं कसं होतं ते त्यांच्याकडून आजच विचारून कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांसमोर बायका संकोचतात आणि "बरं आहे" म्हणून मोकळ्या होतात. गुदद्वारात बोट घालून तपासायचं डॉक्टरांनी सांगितलं तर नाही म्हणू देऊ नका, दोन मिनिटांचं काम असतं. दुर्बीण लागेल की नाही हे रिपोर्ट बघून ठरेल, आत्ता इथून सांगता येणार नाही.

एक मात्र. पोट फुगून टणक झालं, वारा सुद्धा सरेना आणि उलट्या लागल्या, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

शाहूपुरीची_सून

गुरुवारची वेळ घेतलीय. कागद लिहायला बसलो तेव्हा कळलं, त्यांचं पूर्वी दिवसातून दोनदा होतं ते चूर्णाशिवाय, चूर्ण त्यांनी गेल्या चार-पाच वर्षांतच सुरू केलं. हेही लिहून ठेवलंय. रिपोर्ट आले की इथे टाकते.

पंचगंगाकाठ

ताई, नक्की टाका. मीबी आबांना घिऊन चाललोय, मूळव्याधीचं रक्त म्हणून किती वर्सं सोडून दिलंय त्याचा हिशोबच न्हाई. डॉक्टर, त्यांना आधी सर्जनकडं दाखवू का फिजिशियनकडं?

रंकाळा_सर्जन

रक्त जातंय तर सर्जनकडे दाखवा. आणि हिमोग्लोबिन आधीच करून न्या.